कंपनीच्या ॲपमधून घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड पाहणे आणि बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या घरांत फायबरचे इंटरनेट आहे आणि राऊटर कंपनीनेच बसवून दिलेला आहे, अशा घरांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. प्रत्येक कंपनीच्या ॲपमधील मेनूची नावे निराळी असतात आणि ती अधूनमधून बदलतातही. म्हणून कोणते बटण कुठे आहे यापेक्षा ते दाबल्यावर काय होते, यावर येथे भर दिला आहे.

ॲपमध्ये पासवर्ड बदलला की नेमके काय घडते?

आपला फोन राऊटरशी थेट बोलत नाही. जिओफायबरसाठी मायजिओ किंवा एअरटेलसाठी एअरटेल थँक्स यांसारख्या ॲपमध्ये आपण नवीन नाव वा पासवर्ड भरतो, तेव्हा तो प्रथम कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर मग आपल्या घरातील राऊटरशी संपर्क साधून त्याला नवीन माहिती कळवतो. कंपन्यांनी दुरून राऊटर सांभाळण्याची ही पद्धत जुनी आहे. त्यासाठीचे टीआर-०६९ हे मानक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

या एका गोष्टीतून पुढची बरीच उत्तरे निघतात. ऑफिसात बसूनही घरचा पासवर्ड बदलता येतो, तो यामुळेच. घरातील फायबर तुटली असेल किंवा राऊटर बंद असेल, तर ॲप उघडते, बिल दिसते, पण वाय-फायचा बदल पोहोचत नाही, तेही यामुळेच. आणि ॲपच्या पडद्यावर जे दिसते ते सर्व्हरकडील नोंदीत असलेले असते. राऊटरमध्ये या क्षणी तेच असेल अशी खात्री देता येत नाही.

माझ्या घरी ही सोय चालेल का?

राऊटर कंपनीचा असेल आणि वाय-फाय त्याच डब्यातून येत असेल, तर बहुधा चालेल. दोन परिस्थितींत मात्र ती चालत नाही, आणि आपल्या भागात त्या दोन्ही पुष्कळ आढळतात.

पहिली म्हणजे सोसायटीत इंटरनेट स्थानिक केबलवाल्याकडून घेतलेले असते आणि राऊटर त्याने किंवा आपण बाजारातून आणलेला असतो. अशा वेळी कंपनीचे ॲप बिल भरणे आणि तक्रार नोंदवणे एवढ्यापुरतेच असते, कारण त्या राऊटरवर कंपनीचा ताबाच नसतो. तेव्हा राऊटरच्याच वाय-फायला फोन जोडून ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकावा लागतो. तो सहसा यांपैकी एक असतो, आणि नेमका पत्ता व प्रवेशाचा पासवर्ड डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो:

```
http://192.168.1.1
http://192.168.0.1
```

दुसरी परिस्थिती अधिक गोंधळाची आहे. कंपनीचा डबा दाराजवळ बसवलेला असतो आणि आतल्या खोल्यांत रेंज यावी म्हणून आपण स्वतःचा चांगला राऊटर त्याला जोडलेला असतो. घरातील सगळे जण स्वतःच्या राऊटरचे वाय-फाय वापरत असतात, आणि ॲप मात्र कंपनीच्या डब्याचा पासवर्ड बदलते. बदल यशस्वी होतो, पण घरात कुणालाच काही जाणवत नाही. हे ओळखण्याची सोपी खूण अशी: ॲपमध्ये दिसणारे वाय-फायचे नाव आणि आपला फोन ज्या नावाला जोडलेला आहे ते नाव, ही दोन्ही अक्षरशः एकच आहेत का, हे आधी पाहावे. ती वेगळी असतील, तर आपला पासवर्ड या ॲपमध्ये नाही. तो आपल्या राऊटरच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा वर दिलेल्या पत्त्यावर आहे.

घर भाड्याचे आहे आणि कनेक्शन मालकांच्या नावावर आहे. ॲपमध्ये शिरता येत नाही, काय करावे?

ॲपमध्ये लॉगिन करताना ओटीपी कनेक्शनच्या नोंदणीकृत मोबाइल नंबरवर जातो. घणसोली, कोपरखैरणे किंवा घोडबंदर रोडवरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो नंबर पुष्कळदा मालकांचा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचा असतो. अशा वेळी मालकांकडून दर वेळी ओटीपी मागून घेणे हा टिकाऊ मार्ग नव्हे. मालकांनी ग्राहक सेवेला विनंती करून नोंदणीकृत नंबर बदलून घ्यावा, किंवा आपण आपल्या नावावर नवीन कनेक्शन घ्यावे. आधीच्या भाडेकरूचा नंबर तसाच राहिला असेल, तर ही बाब मनावर घेण्यासारखी आहे, कारण तो आजही स्वतःच्या ॲपमधून आपला पासवर्ड पाहू शकतो आणि बदलूही शकतो. नुसता पासवर्ड बदलून हे दार बंद होत नाही.

फोन करून "वाय-फाय अपडेट करायचे आहे, ओटीपी सांगा" असे कुणी म्हणाले, तर तो कधीही सांगू नये.

ॲपमध्ये पासवर्ड दिसतो तो चालत नाही, किंवा दिसतच नाही. असे का?

ज्या मानकाचा वर उल्लेख केला, त्यात राऊटरने वाय-फायचा पासवर्ड विचारल्यावर रिकामे उत्तर द्यावे, अशी सुरक्षेसाठी तरतूद आहे. सर्व्हर राऊटरला पासवर्ड देऊ शकतो, पण तो त्याच्याकडून परत वाचून घेईलच असे नाही. त्यामुळे काही ॲप जुना पासवर्ड दाखवतच नाहीत, केवळ नवीन भरायला सांगतात. आणि काही ॲप सर्व्हरकडे शेवटची नोंदलेली प्रत दाखवतात. मध्यंतरी कुणी तंत्रज्ञाने किंवा घरातील कुणी राऊटरच्या पानावरून पासवर्ड बदलला असेल, तर ती प्रत शिळी झालेली असते.

खरा पासवर्ड हवा असेल, तर जे उपकरण सध्या त्या वाय-फायला जोडलेले आहे त्याला विचारणे अधिक भरवशाचे. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढील फोनमध्ये वाय-फायच्या सेटिंगमधून शेअर केल्यास क्यूआर कोड मिळतो, आणि बऱ्याच फोनमध्ये त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात पासवर्ड पाहता येतो. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील ओळ द्यावी. अवतरणचिन्हांत आपल्या वाय-फायचे नाव लिहावे:

```
netsh wlan show profile name="Ghar-504" key=clear
```

उत्तरातील Key Content या ओळीसमोर पासवर्ड दिसतो.

ॲपमध्ये दोन नावे आणि दोन पासवर्ड दिसतात. कोणता बदलायचा?

बहुतेक राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वाय-फाय देतात. काही कंपन्या दोन्हींना एकच नाव देतात, तर काही दुसऱ्या नावापुढे _5G असे जोडतात. नावे दोन असतील, तर पासवर्ड दोन्हींचे बदलावे लागतात. एकच बदलल्यास ज्याच्याकडे जुना पासवर्ड आहे, तो दुसऱ्या नावावरून निवांत आत येत राहतो. ही चूक सर्रास होते, कारण पहिल्या नावापुढे "यशस्वी" असे दिसले की पान बंद केले जाते.

२.४ गिगाहर्ट्झ बंद करण्याचा मोह टाळावा. दारावरचे बरेच कॅमेरे, बहुतेक स्मार्ट प्लग व स्मार्ट बल्ब आणि अनेक प्रिंटर केवळ याच लहरीवर चालतात.

नाव देवनागरीत ठेवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या ठेवता येते, पण जागा फार थोडी असते. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार यांना मात्र प्रत्येकी ३ बाइट लागतात. "जोशी कुटुंब" हे नाव ३१ बाइटचे होते आणि जेमतेम बसते. "पाटील कुटुंब" ३४ बाइटचे होते आणि बसत नाही. शिवाय काही कंपन्यांची ॲप देवनागरी अक्षरे स्वीकारतच नाहीत, आणि जुन्या टीव्हीवर किंवा प्रिंटरवर अशा नावाऐवजी अगम्य चिन्हे दिसू शकतात. म्हणून नाव रोमनमध्ये ठेवणेच सोयीचे.

नावात विंग आणि फ्लॅट नंबर लिहू नये, असे माझे मत आहे. हे नाव जिन्यात, लिफ्टमध्ये, समोरच्या इमारतीत, सगळीकडे दिसते, आणि कोणाचे राऊटर कोणत्या घरात आहे हे त्यावरून विनाकारण कळते.

पासवर्ड कसा असावा?

नियम असा आहे की तो ८ ते ६३ अक्षरांचा आणि रोमन अक्षरे, अंक व चिन्हे यांतूनच असावा. मोठी आणि लहान लिपी वेगळी धरली जाते.

आपल्याकडे बऱ्याच घरांत पासवर्ड म्हणजे घरातील कुणाचा तरी मोबाइल नंबर असतो. तो लक्षात राहतो आणि पाहुण्यांना सांगायला सोपा जातो, हे खरे. परंतु भारतातील मोबाइल नंबर १० अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्यता एकंदर ४०० कोटीच. एखादा फोन वाय-फायला जोडला जात असताना हवेतून होणारी देवाणघेवाण जवळ बसलेल्या कुणी टिपली, तर पुढे राऊटरला हात न लावता, स्वतःच्या संगणकावर या ४०० कोटी शक्यता तपासून पाहता येतात. गेमिंगच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला त्यासाठी काही तास पुरतात. सोसायटीत तर आपला नंबर वॉचमनच्या वहीतही असतो.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द आणि मध्ये एखादा अंक, असा लांब पासवर्ड घ्यावा. मराठी शब्द घेतल्यास एक काळजी आवश्यक आहे: रोमनमध्ये त्यांचे लेखन प्रत्येक जण वेगळे करतो. "वहिनी" कुणी v ने लिहितो, कुणी w ने. "फणस" कुणी ph ने, कुणी f ने. "काकडी" मध्ये कुणी एक a घालतो, कुणी दोन. पासवर्ड तोंडी सांगितला की आजी, मुलगा आणि पाहुणे तीन तऱ्हांनी टाइप करतात, आणि मग "वाय-फाय चालत नाही" अशी तक्रार येते. ज्यांचे लेखन एकाच प्रकारे होते असे शब्द निवडावेत. नमुना पुढीलप्रमाणे, हा जसाच्या तसा वापरू नये, कारण तो येथे लिहिलेला आहे:

```
limbu-topi7-mor-dagad
```

जोडरेघ आणि अंक यांबाबत सहसा अडचण येत नाही. &, <, > किंवा अवतरणचिन्हे मात्र टाळावीत; काही ॲप ती नाकारतात.

एका घराचे उदाहरण घेऊन संपूर्ण क्रम सांगाल का?

घणसोलीतील एक घर धरू. एका खोलीत वर्षभर दोन मुले पेइंग गेस्ट म्हणून राहिली आणि आता ती गेली आहेत. पासवर्ड त्यांना, त्यांच्या मित्रांना आणि शेजारच्या दोन घरांना ठाऊक आहे. घरात चार फोन, एक लॅपटॉप, एक टीव्ही, दारावर कॅमेरा आणि गिझरला स्मार्ट प्लग आहे. नाव `Ghar-504`, आणि दुसरे `Ghar-504_5G`.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ निवडणे. बदल लागू होताना वाय-फाय तुटते; काही राऊटर केवळ वाय-फाय पुन्हा चालू करतात, तर काही संपूर्ण रीस्टार्ट होतात, आणि त्यात काही मिनिटे जातात. कुणाची ऑनलाइन मीटिंग किंवा परीक्षा चालू असताना हे करू नये. त्यानंतर ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असेल, तर ती पाहून घरातील प्रत्येक वस्तू कागदावर लिहून काढावी. कॅमेरा आणि प्लग नेमके विसरले जातात.

आता ज्या फोनवर ॲप आहे, त्याचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करावा. ही पायरी महत्त्वाची आहे, कारण त्याच वाय-फायवरून बदल पाठवला, तर तो लागू होताच फोनची जोडणी तुटते, उत्तर फोनपर्यंत पोहोचत नाही आणि ॲप "त्रुटी" दाखवते. वास्तविक बदल झालेला असतो.

या घराने नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलावेत, असे मी सुचवेन. केवळ पासवर्ड बदलल्यास प्रत्येक उपकरण जुना पासवर्ड घेऊन त्याच नावावर पुन्हा पुन्हा धडकते, आणि काही फोन तर नवीन पासवर्ड न विचारता नुसते "जोडता आले नाही" असे सांगत राहतात. तेव्हा ते नेटवर्क विसरून पुन्हा जोडावे लागते. नाव नवीन असेल, तर ते यादीत स्वच्छपणे वेगळे दिसते. नाव बदलून पासवर्ड तोच ठेवला, तरी पुन्हा जोडणे टळत नाही: वाय-फायची गुप्त किल्ली पासवर्ड आणि नाव या दोहोंपासून मिळून तयार होते.

नवीन नाव `Jaswand` आणि `Jaswand_5G` असे भरून, दोन्हींना एकच नवीन पासवर्ड देऊन बदल पाठवला. दोन-तीन मिनिटांनी फोनच्या वाय-फाय यादीत नवीन नावे दिसू लागली. चार फोन, लॅपटॉप आणि टीव्ही यांत नवीन पासवर्ड टाकून काम झाले. कॅमेरा आणि प्लग यांना पडदा नसल्यामुळे त्यांचे बटण काही सेकंद दाबून त्यांना जोडणीच्या अवस्थेत आणावे लागते, फोन `Jaswand` या २.४ गिगाहर्ट्झच्या नावावर ठेवावा लागतो आणि त्या त्या वस्तूच्या ॲपमधून ती नव्याने जोडावी लागते. खरा वेळ येथे जातो. शेजाऱ्यांना यापुढे द्यायचे असेल, तर ॲपमध्ये पाहुण्यांसाठी वेगळ्या नेटवर्कची सोय आहे का, ते पाहावे.

ॲपने "यशस्वी" सांगितले, पण जुनाच पासवर्ड चालतो. आता?

"यशस्वी" याचा अर्थ पुष्कळदा सर्व्हरने विनंती स्वीकारली, एवढाच असतो. राऊटरपर्यंत ती पोहोचली का, हे स्वतः तपासावे. नाव बदलले असेल तर यादीत लगेच कळते. नुसता पासवर्ड बदलला असेल, तर एका फोनवर ते नेटवर्क विसरून नवीन पासवर्डने जोडून पाहावे. तो जोडला गेला पाहिजे आणि जुन्या पासवर्डने नकार मिळाला पाहिजे.

तसे होत नसेल, तर राऊटरवरचा LOS हा दिवा पाहावा. तो लाल असेल, तर फायबरमध्येच बिघाड आहे आणि बदल वाटेत अडकला आहे. दिवे ठीक असतील, तर राऊटर एकदा बंद करून चालू करावा, कारण चालू होताना तो सर्व्हरशी आपणहून संपर्क साधतो आणि खोळंबलेला बदल त्या वेळी मिळू शकतो. मधल्या काळात अधीर होऊन ॲपमध्ये दुसराच पासवर्ड भरू नये. असे केल्यास दोन बदल रांगेत उभे राहतात आणि तासाभराने कोणता लागू झाला, हे कुणालाच सांगता येत नाही. पुन्हा पाठवायचेच असेल, तर तोच पासवर्ड पुन्हा पाठवावा.

कंपनीचा माणूस राऊटर बदलून गेला. सगळी उपकरणे नव्याने जोडावी लागतील का?

नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. नव्या राऊटरला ॲपमधून जुनेच नाव, जुनाच पासवर्ड आणि WPA2, WPA3 असा जो असेल तो पूर्वीचाच सुरक्षा प्रकार द्यावा. अक्षर, लिपी, जोडरेघ, सारे तंतोतंत तेच असले की फोन, टीव्ही, कॅमेरा आपोआप जोडले जातात. तंत्रज्ञ गेल्या गेल्या, नवीन नावावर एकेक उपकरण जोडायला लागण्यापूर्वी, हे करावे.

पासवर्ड विसरलो, म्हणून राऊटरचे रीसेट बटण दाबावे का?

ॲप चालत असेल तोवर त्याची गरज नाही. जुना पासवर्ड माहीत नसतानाही ॲपमधून नवीन देता येतो. टाचणीने दाबायचे ते बटण सुमारे दहा सेकंद दाबले की बहुतेक राऊटर कारखान्यातून आल्यासारखा होतो. वाय-फायचे नाव-पासवर्ड लेबलवरच्या मूळ रूपात जातात, इथपर्यंत ठीक; पण इंटरनेटच्या जोडणीची कंपनीने भरलेली माहितीही काही वेळा पुसली जाते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत घर इंटरनेटविना राहते. लाईट गेल्यामुळे किंवा प्लग काढल्यामुळे यातले काहीही पुसले जात नाही.

आतल्या खोलीत जुनेच नाव दिसते, पण इंटरनेट चालत नाही. याचे कारण काय?

त्या खोलीत बहुधा बाजारातून आणलेला रिपीटर, म्हणजे मुख्य राऊटरचे वाय-फाय पकडून पुढे पसरवणारा डबा, आहे. तो जुने नाव दाखवत राहतो, मात्र मुख्य राऊटरशी जुन्या पासवर्डने बोलायला गेल्यावर त्याला नकार मिळतो. कंपनीने दिलेला असाच डबा, एक्स्टेंडर, सहसा बदल स्वतः उचलतो. बाजारातल्या रिपीटरला तो त्याच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा पानावरून कळवावा लागतो.